उत्तराला उत्तर



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं. मराठीच्या थोरवीवर इथे अनेकांनी माझ्यापेक्षा चांगलं बोलून ठेवलं आहे. मी आज फक्त एका मुलाबद्दल बोलणार आहे.

आधी एक विनंती. ज्यांची नातवंडं परदेशात वाढताहेत, त्यांनी कृपया हात वर करावेत. पुढच्या तीन रांगांत तर जवळजवळ सगळेच हात वर आहेत. आता ज्यांच्या नातवंडांना तुमचं मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं, त्यांनी हात तसेच ठेवा, बाकीच्यांनी खाली घ्या. पाहा, फार थोडे हात खाली आले.

मी बावीस वर्षं न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवलं. या काळात पालकांकडून मी एक वाक्य सगळ्यांत जास्त वेळा ऐकलं असेल: 'याला सगळं कळतं हो, पण बोलत नाही.' कुणी हे अभिमानानं सांगे, कुणी ओशाळून, कुणी थेट रडत. आणि पाठोपाठ प्रश्न असायचा: 'त्याला बोलता यावं म्हणून आम्ही त्याच्याकडून काय करून घ्यावं?'

मला वाटतं, प्रश्न इथेच थोडा चुकतो. मूल इंग्रजीत बोललं, हे झालं त्याचं उत्तर. त्यानंतर दोन-तीन सेकंदांत आपण काहीतरी बोलतो. हे आपलं बोलणं, मुलाच्या उत्तराला दिलेलं आपलं उत्तर, कसं असावं? आज एवढाच विषय आहे.

पहिला मुद्दा. या मुलाला नेमकं काय येतं?

तुम्ही लग्नाला जाता. समोरून ओळखीचा चेहरा येतो. तुम्ही हसता, बोलता, त्यांच्या मुलीची चौकशी करता. पण नाव काही केल्या आठवत नाही. आणि शेजारच्यानं 'हे कुलकर्णी ना?' म्हटलं की तुम्ही चटकन म्हणता, 'हो, कुलकर्णीच!' नाव आत होतं. समोर आलं तर ओळखता येत होतं, स्वतःहून बाहेर काढता येत नव्हतं. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. परदेशातल्या या मुलाच्या डोक्यात मराठी अशीच बसलेली असते. 'चप्पल कुठे आहे?' म्हटलं तर तो चप्पल आणून देईल. पण 'चप्पल' हा शब्द त्याच्या तोंडून निघण्याची वेळच आलेली नसते.

आणि मराठीत नुसता शब्द आठवून भागत नाही. चप्पल तुटली, बूट फाटला, कुलूप उघडलं. ती, तो, ते. 'आय एट' म्हणताना इंग्रजीत काहीच ठरवावं लागत नाही. 'मी खाल्ला' म्हणायचं, 'खाल्ली' म्हणायचं की 'खाल्लं', हे मराठीत मी काय खाल्लं त्यावर ठरतं. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. ऐकणाऱ्याला हे सगळं आयतं मिळतं. बोलणाऱ्याला तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं. म्हणून गप्प राहणाऱ्या मुलाला मराठी येत नाही असं समजू नका, आणि समजतंय म्हणजे बोलणं आपोआप येईल असंही समजू नका.

हे 'आपोआप' फार फसवं आहे. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच माध्यमाच्या शाळांत घातली गेली. वर्षानुवर्षं ती फ्रेंच ऐकत होती, फ्रेंचमधून गणित-इतिहास शिकत होती. त्यांची समज फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली, पण बोलण्यातलं व्याकरण मागेच राहिलं. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली त्याचं एक कारण मांडलं: या मुलांवर नेमकं आणि पूर्ण बोलण्याची वेळ फारशी येतच नव्हती. ऐकून समज वाढते. बोलणं बोलूनच वाढतं.

दुसरा मुद्दा. मग घरात बोलण्याची वेळ का येत नाही? आईबाबा तर मराठी बोलतात.

बोलतात. पण काय बोलतात? मी पालकांना एक गोष्ट करायला सांगत असे. एका संध्याकाळचं जेवण फोनवर ध्वनिमुद्रित करा, फक्त तुमच्यापुरतं, आणि रात्री मुलं झोपल्यावर ऐका. एका आईनं ते माझ्याबरोबर बसून ऐकलं. त्यांचा मुलगा सात वर्षांचा, मुलगी अकरा वर्षांची. ध्वनिमुद्रणात आईचा आवाज होता: 'हात धू. नीट बस. भाजी संपव. फोन ठेव. पाणी सांडू नकोस. ताईला दे ते.' वाक्यामागून वाक्य. सगळं मराठी, अगदी स्वच्छ मराठी. मी त्यांना विचारलं, यातल्या कुठल्या वाक्याला त्याला तोंडानं उत्तर द्यावं लागलं?

'हात धू' याचं उत्तर काय? हात धुणं. 'नीट बस' याचं उत्तर? नीट बसणं. आज्ञेला कृती पुरते, तिथे शब्द लागत नाही. दिवसभर मूल 'ऊठ, घाल, जेव, चल, झोप' ऐकतं आणि त्याप्रमाणे करतं. त्याला मराठी समजतं याचं आपल्याला कौतुक वाटतं. पण त्या घरात मराठी ही ऐकून वागण्याची भाषा झालेली असते आणि इंग्रजी ही सांगण्याची. शाळेतली भांडणं, आवडीचा खेळ, रात्रीची भीती, हे सगळं इंग्रजीत सांगितलं जातं.

त्या जेवणात खरा प्रश्न एकच होता: 'आज शाळेत काय केलंस?' आणि उत्तर होतं: 'नथिंग.' त्यावर आई म्हणाली, 'नथिंग काय? मराठीत सांग.' मुलगा गप्प. आणि ताईनं लगेच त्याच्या वतीनं इंग्रजीत उत्तर देऊन टाकलं. थोरलं भावंड शाळेत जाऊ लागलं की बहुतेक घरांत इंग्रजी त्याच दारानं आत येते. यात त्या मुलीचा दोष नाही. भावंडं आपापसांत शाळेच्या भाषेत बोलणारच.

तिसरा मुद्दा, आणि तो मला सावकाश मांडू द्या. मूल इंग्रजीत बोललं की आपण काय काय करू शकतो?

एलिझाबेथ लान्झा या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी नॉर्वेतल्या इंग्रजी-नॉर्वेजियन घरांत दोन-अडीच वर्षांच्या मुलांचं बोलणं बारकाईनं ऐकलं. १९९७ साली त्यांचं पुस्तक आलं. मूल दुसऱ्या भाषेत शिरलं की आईबाप ज्या तऱ्हांनी उत्तर देतात, त्यांच्या त्यांनी पाच पायऱ्या लावल्या. मी त्या आपल्या घरातल्या उदाहरणानं सांगते. मूल म्हणतं, 'आय ॲम थर्स्टी.'

पहिली पायरी: 'काय? मला नाही समजलं.' दुसरी: 'तहान लागली का तुला?' म्हणजे अंदाज बांधून विचारायचं. तिसरी: 'तहान लागली होय.' म्हणजे त्याचंच म्हणणं मराठीत परत करायचं. चौथी: 'ती बघ, टेबलावर बाटली आहे.' म्हणजे काही न दाखवता आपल्या मराठीत पुढे जायचं. आणि पाचवी: 'ओके, टेक द बॉटल.' आपणही इंग्रजीत जायचं.

पहिल्या पायरीवर मुलाला कळतं की इथे मराठी लागते. पाचव्या पायरीवर त्याला कळतं की इथे इंग्रजी चालते. मधल्या पायऱ्या या दोन टोकांच्या मध्ये. आपली बहुतेक घरं पाचवीवर किंवा चौथीवर असतात. तिथे प्रेम भरपूर असतं, फक्त मराठी बोलण्याची गरज नसते. आणि जी घरं फार तळमळीची, ती पहिलीवर जातात.

पहिली पायरी दोन वर्षांच्या मुलाशी चालू शकते, कारण कुणाला काय कळतं हे त्याला अजून पक्कं ठाऊक नसतं. पण सात वर्षांच्या मुलानं तुम्हाला दिवसभर ऑफिसच्या कॉलवर अस्खलित इंग्रजी बोलताना ऐकलेलं असतं. त्याला 'मला समजलं नाही' म्हणणं हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे त्याला माहीत असतं.

आपल्याकडे या पाचांबाहेरची आणखी एक तऱ्हा आहे: 'मराठीत बोल!' हे उत्तर नव्हेच. मुलानं काहीतरी सांगितलं, आणि आपण ते काय सांगतंय हे बाजूला ठेवून ते कशात सांगतंय एवढंच पाहिलं. पाहुण्यांसमोर तर हे आणखी कठीण होतं: 'आजोबांना मराठीत म्हणून दाखव ना.' त्या क्षणी बोलणं संपतं आणि परीक्षा सुरू होते.

मी हे स्वतः केलं आहे. माझी मुलगी सहा वर्षांची असताना शाळेतून आली. दप्तर पाठीवरच होतं. म्हणाली, 'आई, शी टुक माय चेअर ॲट लंच.' मी भांडी लावत होते. मान न वळवता म्हणाले, 'मराठीत सांग बरं.' ती थांबली. ओठ हलले. मग म्हणाली, 'नेव्हर माइंड,' आणि आत गेली. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर काय घडलं, ते मला तेव्हा कळलं नाही.

मग करायचं काय? माझा अनुभव असा की दुसरी आणि तिसरी पायरी या आपल्या कामाच्या आहेत. आधी अर्थ घ्यायचा, तो मराठीत परत द्यायचा, त्याला एक छोटा प्रश्न जोडायचा, आणि थांबायचं. 'तहान लागली? पाणी देऊ की ताक?' आणि मग गप्प.

हे गप्प राहणं फार अवघड असतं. १९७०च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी शाळांमध्ये मोजून पाहिलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली की मुलांची उत्तरं लांब आणि भरीव होत. ती मुलं त्यांच्या सवयीच्या भाषेत बोलत होती. आपल्या मुलाला तर मराठी शब्द आतून शोधून आणायचा असतो. मनात एक, दोन, तीन म्हणा. तीन सेकंद फार लांब वाटतात. वाटू द्या.

चौथा मुद्दा. मराठी स्वतः इथे आपल्याला एक मदत करते, आणि ती बहुतेक पालकांच्या लक्षात आलेली नसते.

'येतोस का?' याचं मराठी उत्तर काय? 'हो' चालतं, पण आपण सहज म्हणतो, 'येतो.' 'जेवतेस का?' 'जेवते.' 'डबा संपवलास?' 'संपवला.' 'हात धुतलेस?' 'धुतले.' 'पोळी खाल्लीस?' 'खाल्ली.' काय झालं? प्रश्नातला शेवटचा 'स' गळला आणि उत्तर तयार झालं. लिंग, वचन, सगळं प्रश्नातच बसवून दिलेलं आहे. मुलाला ते ठरवावं लागत नाही. इंग्रजीत 'डिड यू ईट' याचं उत्तर 'येस' किंवा 'आय डिड'. तिथे 'ईट' परत येत नाही. मराठीत क्रियापद उत्तरात परत येतं. म्हणजे प्रश्न विचारताना आपण मुलाच्या हातात उत्तर देत असतो.

हे सगळीकडे लागू पडत नाही. 'गेलास?' याचं उत्तर 'गेलो', आणि 'आलीस?' याचं 'आले'. तिथे रूप बदलतं. म्हणून सुरुवात खाणं, करणं, ठेवणं, लावणं अशा क्रियापदांनी करावी आणि जाणं-येणं मागून घ्यावं.

आता त्या सात वर्षांच्या मुलाच्या घरी पुन्हा जाऊ. आईला मी म्हटलं, दिवसभर काही बदलू नका. दिवसातली फक्त पंधरा मिनिटं निवडा, आणि ती अशी निवडा की त्या वेळी ताई नसेल आणि हाताला काहीतरी काम असेल. ताई आठवड्यातून चार संध्याकाळी पोहायला जायची. आई त्या वेळी पोळ्या करायची. ठरलं.

पहिले दोन आठवडे आईनं फक्त अर्थ परत द्यायचा होता, काही मागायचं नव्हतं. मुलगा ओट्याशी येऊन म्हणाला, 'कॅन आय डू द घी?' आई म्हणाली, 'तूप लावायचंय तुला? ये, लाव.' एवढंच. तो तूप लावत राहिला आणि इंग्रजीतच बोलत राहिला. आई मराठीत राहिली. आज्ञा मात्र त्या पंधरा मिनिटांपुरत्या बाजूला ठेवल्या.

तिसऱ्या आठवड्यात निवडीचे प्रश्न सुरू झाले. निवडीच्या प्रश्नात दोन्ही शब्द समोर ठेवलेले असतात, मुलाला फक्त एक उचलायचा असतो. 'या पोळीला तूप लावायचं की तेल?' एक, दोन, तीन. 'तूप.' बाईंनी मला त्या रात्री फोन केला. त्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या. वाजवल्या नाहीत, कारण मी आधीच विनवलं होतं की कौतुकाचा समारंभ करू नका. मूल 'तूप' म्हणालं तर त्याला तुपाचा डबा मिळाला पाहिजे. शब्दानं काम झालं, हेच त्या शब्दाला उत्तर.

पाचव्या आठवड्यात तो स्वतःहून एक पूर्ण वाक्य बोलला: 'मी तूप लावलो.' चुकलं. 'मी गेलो', 'मी आलो' ऐकून त्यानं 'मी लावलो' बनवलं. नियम शोधून बनवलं, म्हणजे डोकं चालू आहे. आता आईनं काय म्हणावं? 'लावलो नाही, लावलं म्हणतात' असं म्हटलं असतं तर बोलणं तुपावरून व्याकरणावर गेलं असतं. आई म्हणाली, 'लावलंस? कडेला पण लावलंस का?' मुलानं पोळी फिरवून पाहिली. म्हणाला, 'लावलं.' बरोबर रूप त्याच्या तोंडात बसलं, आणि आपण सुधारले गेलो हे त्याला कळलंही नाही.

तिसरा महिना होता. तव्यावर एक पोळी नुसतीच पडून राहिली. तो म्हणाला, 'आई, दिस वन फुगली नाही.' अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. पण 'फुगली' म्हणाला. पोळी ती, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आई म्हणाली, 'नाही ना फुगली. तवा नीट तापला नसेल.' आणि मुलगा म्हणाला, 'का?'

श्रोतेहो, या 'का'साठी मी थांबले होते. आपल्या प्रश्नाला मराठीत उत्तर आलं तर ते आपल्या आग्रहानं आलेलं असू शकतं. पण मूल जेव्हा न सांगता मराठीत प्रश्न विचारतं, तेव्हा मराठी त्याच्या स्वतःच्या कामाला आलेली असते. मूल मराठीकडे वळलं की नाही, हे ओळखण्याची माझी खूण हीच.

आणि मिश्र वाक्यांना घाबरू नका. 'मी शूज वेअर केले' हे ऐकून अनेकजण हळहळतात. पण त्या वाक्यात 'केले' आहे, बहुवचन आहे, 'मी' आहे. वाक्याचा सांगाडा मराठी आहे. शब्द बदलता येतात. 'बूट घातलेस? मोजे कुठे ठेवलेस?' असं म्हणायचं आणि पुढे जायचं.

पाचवा मुद्दा छोटा आहे, पण त्यानं अनेक मुलं कायमची गप्प केली आहेत. हसणं.

ज्या मुलाचं मराठी फक्त आईकडून येतं, तो मुलगा 'मी जाते', 'मी खाते' म्हणतो. साहजिकच आहे, 'मी' म्हणणारं माणूस त्यानं आईच ऐकलं आहे. तो उन्हाळ्यात इथे, तुमच्या घरी येतो. चारचौघांत म्हणतो, 'मी बाहेर जाते.' आणि घर हसतं. आत्या हसते, मामा हसतो, चुलत भावंडं तर आठवडाभर चिडवतात. तुम्ही प्रेमानं हसता, मला माहीत आहे. पण सात वर्षांच्या मुलाला प्रेमाचं हसणं आणि चेष्टेचं हसणं वेगळं करता येत नाही. इंग्रजीत तो वर्गातला हुशार मुलगा असतो, मराठीत हास्यास्पद ठरतो. मग तो कुठली भाषा निवडेल?

इथे बाबांची गरज असते. बाबांनी त्याच्याशी 'मी जातो, मी आलो, मी आणतो' बोलावं. आणि तो 'मी जाते' म्हणाला तर त्यांनी म्हणावं, 'जातोस? मीही येतो, चल.' दोनदा, चारदा, चाळीसदा. ते बसतं.

सहावा मुद्दा, मर्यादा. यानं जे होणार नाही ते मी सांगितलंच पाहिजे.

मूल घाबरलेलं असेल, आजारी असेल, शाळेतल्या अपमानाबद्दल सांगत असेल, तेव्हा भाषेचं काहीही करू नका. ऐका. तुम्ही मराठीत बोला, पण त्याच्याकडून काही मागू नका. आपला आग्रह जास्त होतोय हे ओळखायचं कसं? मुलाची वाक्यं आखूड होऊ लागतात. 'नथिंग' आणि 'आय डोन्ट नो' वाढतात. सांगायच्या गोष्टी ते दुसऱ्याकडे नेतं. हे दिसलं की एक पायरी मागे या, नुसता अर्थ परत द्या, प्रश्न सोडा.

पोळ्यांच्या वेळी मराठी बोलणारा तो मुलगा गाडीत बसला की इंग्रजीच बोलायचा. कारण शाळेतल्या गोष्टींचे शब्द त्याच्या मराठीत नव्हतेच. ते आईबाबांनी आपल्या शाळेच्या गोष्टी सांगून पुरवावे लागतात: मधली सुट्टी, बाक, गटांची भांडणं, रुसणं, कट्टी, बट्टी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाशी तर पोळीचा खेळ चालणार नाही. त्याच्याशी उघड बोलावं लागतं: 'मला तुझ्याशी मराठीत बोलायला आवडतं. तू जमेल तसं बोल.' तिथे त्याचा होकार लागतो.

आणि ज्या मुलाचं बोलणं दोन्ही भाषांत वयाच्या मानानं मागे आहे, त्याला वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवा. यातलं काहीही त्या उपचाराला पर्याय नाही. पण 'दोन भाषांमुळे बोलणं लांबतं, मराठी बंद करा' असा सल्ला मिळाला तर तो ऐकू नका. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही.

फक्त रविवारच्या शाळेवर सोडून देऊ नका, हे मी त्याच शाळेची शिक्षिका म्हणून सांगते. आठवड्याला दीड तास, वर्षाचे तीस रविवार. हिशेब केला तर सगळे मिळून पंचेचाळीस तास. अक्षरं येतील, गाणी येतील. घरात मराठीला मराठी उत्तर देण्याची सवय तिथे लागत नाही. बेल्जियमच्या डच भाषिक भागात ॲनिक डी हाऊवर यांनी घरात दुसरी भाषा बोलणाऱ्या सुमारे एकोणीसशे कुटुंबांची पाहणी केली, २००७ साली ती प्रसिद्ध झाली. साधारण चौथ्या हिश्श्याच्या कुटुंबांत मुलं ती दुसरी भाषा बोलतच नव्हती. जिथे आई आणि बाबा दोघंही घरात तीच भाषा बोलत, तिथे जवळजवळ सगळी मुलं ती बोलत होती. म्हणून मी पालकांना विचारते, तुम्ही दोघं एकमेकांशी कोणत्या भाषेत भांडता?

आता तुमच्याकडे येते. आजी-आजोबांकडे.

न्यू जर्सीत रविवारी सकाळचे साडेनऊ वाजले की इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. व्हिडिओ कॉल लागतो. तुम्ही विचारता: 'कसा आहेस? जेवलास का? अभ्यास काय म्हणतो?' तो म्हणतो, 'गुड.' मग नातवाला सोपं जावं म्हणून तुम्ही तुमच्या इंग्रजीत शिरता. ही माया आहे, मला तिचा आदर आहे. पण त्या मुलाच्या जगात मराठी खरोखर लागणारं माणूस बहुधा तुम्ही एकटेच आहात. आईला सगळं इंग्रजी समजतं. बाबांना समजतं. तुमच्यापाशी मराठी लागते, आणि तुम्हाला जिथे समजत नाही तिथे खरंच समजलेलं नसतं. 'मला नाही कळलं रे राजा, दाखव बघू काय ते.' ही पहिली पायरी आईच्या तोंडी खोटी असते, तुमच्या तोंडी खरी.

आणि तब्येतपाणी सोडा. एखादी वस्तू मागा. 'तुझ्या हातात काय आहे ते दाखव. हे कुणी बनवलं? तू बनवलंस?' मग थांबा. तीन सेकंद. 'बनवलं' येईल. आज नाही आलं तर पुढच्या रविवारी.

जे बोलले ते थोडक्यात सांगते. मुलाला समजतं, पण बोलायची वेळ येत नाही, कारण घरातली मराठी बरीचशी आज्ञांची झालेली असते. त्याच्या इंग्रजी उत्तराला खोटं अज्ञान किंवा 'मराठीत बोल' असं उत्तर देऊ नये. अर्थ घ्यावा, मराठीत परत द्यावा, उत्तर ज्यात दडलेलं आहे असा प्रश्न जोडावा आणि थांबावं. चूक दुरुस्त करायची ती बोलण्याच्या ओघात. हसू नये. आणि मूल दुःखात असेल तेव्हा फक्त ऐकावं.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे. मागच्या वर्षी मी तिला ती दुपार आठवते का, असं विचारलं. तिला आठवत होती. म्हणाली, 'आई, मला खुर्ची माहीत होतं. माझी माहीत होतं. पण तिनं घेतला, घेतली की घेतलं, हे मला ठरवता येत नव्हतं. आणि तू वाट बघत होतीस.'

एवढंच अडलं होतं. एका अक्षराचा काना, वेलांटी की अनुस्वार. तो भार मी तिच्यावर टाकला आणि पाठ फिरवून भांडी लावत राहिले. मी वळून म्हणायला हवं होतं, 'तुझी खुर्ची घेतली? कोणी घेतली गं?' मग 'घेतली' तिच्या हातात आलं असतं, आणि तिनं त्या मुलीचं नाव सांगून पुढची सगळी हकिगत सांगितली असती. मराठीत, इंग्रजीत, दोन्ही मिसळून. मला ती ऐकायला मिळाली असती.